एका ओळीतलं नाव

इंद्रजीत सरांनी फोन टेबलावर ठेवला आणि अंगठ्यानं पान डावीकडं ढकललं. पान सरकलं. उजवीकडं पांढरी रिकामी पट्टी उघडी पडली. त्यांनी पान परत उजवीकडं आणलं, पुन्हा डावीकडं ढकललं. लहान पोर पाळणा हलवतं तसं त्यांचं बराच वेळ चाललं होतं.

“बघ,” ते म्हणाले. “बघ काय केलंय तू.”

विशाखा समोर उभी होती. फोन सरांचा नव्हता. सरांचा फोन भाकरीच्या तव्याएवढा रुंद, त्यावर पान हलत नव्हतं. हा ऑफिसच्या शिपायाचा साधा, अरुंद फोन होता. पान हलतं हे सरांना कळलंच मुळी पिशोरहून आलेल्या फोनमुळं.

पिशोरच्या अद्रक पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी मिळून कंपनी काढली होती. तिची वेबसाइट सरांच्या उस्मानपुऱ्यातल्या ऑफिसात तयार झाली होती. रोजचा भाव, माल कधी आणायचा त्याची नोंदणी, सभासदांची नावं, सगळं त्यात होतं. शेतकरी ती फोनवरच बघणार. आणि बघायला लागले तेव्हा भलताच खेळ सुरू झाला. खाली जायला अंगठा फिरवला की पान तिरकं व्हायचं, बाजूला पळायचं, भावाचा रकाना पडद्याबाहेर जायचा. स्क्रीनच्या तळाला एक बारीक आडवी पट्टी उमटायची आणि विरायची. अध्यक्षांचा स्वीय सहायक अतुल फोनवर म्हणाला होता, “सर, तुमचं पान डुलतंय. लोक म्हनतेत, ह्याला कोनी पाजली का?”

उद्या दुपारी पिशोरात लोकार्पण होतं. अध्यक्ष काकासाहेब मोकासे पाटील मांडवात, सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या फोनवर वेबसाइट उघडून दाखवणार होते.

“तुझी परीक्षेची मुदत या आठवड्यात संपते,” सर म्हणाले. “कायम करायचं का नाही ते मला ठरवायचंय. उद्या मांडवात हे पान असं हललं, तर ठरवायची गरजच उरणार नाही. कळलं?”

“कळलं. पण मागच्या आठवड्यात हलत नव्हतं, सर.”

“मग कुणी हलवलं? भुतानं?”

शेजारच्या खुर्चीत ऋतुराज हसला. ऋतुराज सरांचा भाचा. पुण्याहून कसलासा कोर्स करून आला होता आणि आल्यापासून ऑफिसात सरांना ‘मामा’ म्हणून हाक मारायचा. का, तर बाकीच्यांच्या लक्षात राहावं. त्याच्या टेबलावर दोन मोठे मॉनिटर होते. एकावर तो काम करायचा असं म्हणायची पद्धत होती. दुसऱ्यावर क्रिकेटचा स्कोअर असायचा, हे सगळ्यांना माहीत होतं.

“मामा, टेबलामुळं होतंय ते,” तो म्हणाला. “भावाचं टेबल मॅडमनी केलंय. फोनवर टेबल म्हणजे डोक्याला तापच.”

विशाखानं त्याच्याकडं पाहिलंही नाही. भावाच्या तक्त्याभोवती तिनं स्वतःची चौकट बांधली होती. तक्ता रुंद झाला तर त्या चौकटीच्या आत सरकेल, पान सरकणार नाही, अशी. हे ऋतुराजला समजावायचं तर आधी चौकट म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली असती, आणि तिची तेवढी हौस नव्हती. तिला खात्री होती की घाण त्याच्या फोटोंच्या पट्ट्यात असणार. अद्रकाचे, ट्रॅक्टरचे, अध्यक्षांचे फोटो एकामागून एक सरकणारा तो पट्टा त्यानं नेटवरून जसाच्या तसा उचलला होता. ज्याचं कोड त्यालाच वाचता येत नाही, त्याच्या कोडमध्ये चूक शोधायला वेळ तो कितीसा लागणार, असं तिला वाटलं.

तिची अर्धी सकाळ त्यातच गेली.

तिनं थेट चालू असलेलं पान स्वतःच्या कॉम्प्युटरवर उघडलं, फोनएवढं अरुंद केलं. आडवी पट्टी आली. मग तपासणीच्या खिडकीतून तिनं पानातल्या प्रत्येक चौकटीला लाल कड दिली. जागा खाणारी बॉर्डर नाही, नुसती वरून आखलेली आउटलाइन. नाहीतर शोधणाऱ्याच्याच रेघांनी पान फुगायचं. ऋतुराजनं हेच काम केलं असतं तर बॉर्डर दिली असती आणि मग दुप्पट फुगलेलं पान बघून तक्त्याला शिव्या दिल्या असत्या, हा विचार तिला बराच वेळ पुरला.

लाल चौकटींपैकी एखादी पडद्याबाहेर गेलेली दिसायला हवी होती. एकही गेली नव्हती. सगळ्या शहाण्यासारख्या पडद्याच्या आत बसल्या होत्या. तिनं चार ओळी लिहून कॉम्प्युटरलाच विचारलं, कोणाची उजवी कड पडद्याच्या पुढं जाते? उत्तर आलं, फोटोंच्या पट्ट्यातल्या फोटोंची.

“सापडलास,” ती पुटपुटली.

पण फोटो आपल्या झाकलेल्या चौकटीतच रांगेत उभे होते, पानाला त्यांचा काही उपद्रव नव्हता. तिला ते पटेना. तिनं अख्खा पट्टाच पुसून पाहिला. फोटो गेले. आडवी पट्टी तिथंच.

तेवढ्यात पलीकडून टाळी वाजली.

“झालं, मामा!” ऋतुराज ओरडला. “गेली पट्टी!”

सर केबिनमधून जवळजवळ पळतच आले. शिपायाचा फोन पुन्हा मागवला गेला. अंगठा डावीकडं, अंगठा उजवीकडं. पान हललं नाही.

“वा! काय केलंस?”

“ओव्हरफ्लो हिडन. एचटीएमएल आणि बॉडी, दोन्हींवर. बाहेर जे काय जातंय ते दिसणारच नाही. एका ओळीचं काम होतं, मामा. मॅडम सकाळपासून लाल रेघा मारतायत.”

“सर,” विशाखा म्हणाली, “त्यानं फक्त झाकलंय. बाहेर काय जातंय ते सापडलेलं नाही. जे बाहेर जातंय ते आता कापलं जाणार. आणि हे बघा, वर चिकटून राहणारी ‘आजचा भाव’ची पट्टी आता चिकटत नाही. खाली गेलं की तीही जाते वर निघून.”

सरांनी पाहिलं. पट्टी खरंच वर निघून जात होती.

“जाऊ दे की. ज्याला भाव बघायचा तो वर जाऊन बघेल. हलत तर नाही ना आता?” मग त्यांनी आवाज जरा खाली घेतला. खालच्या आवाजात बोललं की आपण समजूतदार वाटतो असा त्यांचा समज होता. “विशाखा, हुशारी वेगळी आणि काम उरकणं वेगळं. या पोराकडून शिक जरा.”

ऋतुराजनं मान लववली. त्याची एक ओळ चालू साइटवर चढवली गेली. सरांनी खालच्या दुकानातून इमरती मागवली. विशाखाच्या टेबलावरही एक ठेवली. ती संध्याकाळपर्यंत तिथंच पडून होती आणि तिच्याभोवती मुंग्यांनी रांग धरली होती. मुंग्यांची रांग सरळ होती.

सरांच्या लेखी काम संपलं होतं. विशाखाचं संपलं नव्हतं. मांडवात काही झालं की नाव कोणाचं निघणार, हे तिला पक्कं माहीत होतं. इमरती भाच्याच्या नावावर, खापर तिच्या.

दुपारी तिच्या बापाचा फोन आला. कडुबा पिशोरचाच, तुकड्याएवढ्या रानात अद्रक लावणारा, कंपनीचा सभासद.

“काय गं, तुमची ती साइट म्हनं सुरू झाली.”

“झाली, बाबा.”

“त्यात माझं नाव अर्धंच हाय. ‘कडुबा फकि’ आन् फुडं टिंबं. टिंबं कशापायी? मी काय मेलो का मधीच?”

ती हसली, आणि हसता हसता तिला राग आला. सभासदांच्या पानावर नावं लांब झाली की कापून टिंबं टाकायची, हा सरांचा हुकूम. “गावातली नावं ती, एका ओळीत बसव, राहील ते टिंबात घाल,” असं ते म्हणाले होते. आणि त्याच बैठकीत अध्यक्षांच्या नावाबद्दल त्यांनी बोट वर करून सांगितलं होतं, “काकासाहेबांचं नाव दोन ओळींत तुटता कामा नये. फ्लेक्सवर एकदा ‘पाटील’ खाली गेलं होतं, तर त्यांनी फ्लेक्सवाल्याला चावडीत उभं केलं होतं. एका ओळीत म्हणजे एका ओळीत.”

“तिकडं काय लई मोठं काम चाललंय का?” कडुबा विचारत होता.

“नाही. नावाचंच चाललंय,” ती म्हणाली, आणि तिथंच थबकली.

फोन ठेवल्यावर तिनं पहिल्यांदा डोकं सरळ चालवलं. ऋतुराजचा तिटकारा बाजूला ठेवला. ऑफिसात चाचणीसाठी जी प्रत होती, ती तिनं उघडली. तेच कोड, तोच फोटोंचा पट्टा, तोच तक्ता. ऋतुराजची झाकणारी ओळ तिच्यात नव्हती, तरी पान हलत नव्हतं. चालू साइटवर त्याची ओळ तपासणीच्या खिडकीतून बंद केली की पान हलायचं. मागच्या आठवड्यापासून सकाळपर्यंत कोडला कुणी हात लावलेला नव्हता. कोड दोन्हीकडं सारखंच, तर मग वेगळं काय? वेगळा होता तो मजकूर. चाचणीच्या प्रतीतला मजकूर तिनं भरला होता. चालू साइटचा मजकूर पिशोरहून अतुल भरायचा.

तिनं चालू पानाचे तुकडे एकेक करून काढायला सुरुवात केली. भावाचा तक्ता काढला, पट्टी राहिली. नोंदणीचा रकाना काढला, राहिली. तळाशी अध्यक्षांचं मनोगत होतं; हिरवा पट्टा, त्यावर पांढऱ्या अक्षरात नाव, खाली फोटो. तो काढला.

आडवी पट्टी गेली.

हिरवा पट्टा तिचा होता. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिनं लिहिलेला.

तिनं तो परत आणला. लाल चौकट पडद्याच्या आत होती, उजव्या कडेला नेमकी टेकलेली. बाहेर काहीच दिसत नव्हतं, नुसता पांढरा कागद. तिनं नावाच्या सुरुवातीला माउस टेकवला, दाबून धरला आणि उजवीकडं ओढत नेला. निवडीचा निळा रंग अक्षरांवरून सरकत हिरव्या पट्ट्याच्या टोकाला गेला आणि थांबला नाही. पट्टा संपला, तरी निळा रंग रिकाम्या पांढऱ्या जागेत पुढं गेला, आणि त्या निळ्यात अक्षरं उमटली: ‘पाटील’.

पांढरी अक्षरं पांढऱ्या कागदावर गेली होती, म्हणून सकाळपासून कुणाला दिसली नव्हती. चौकट पडद्याएवढीच होती, बाहेर आला होता तो चौकटीतला मजकूर. म्हणून लाल कडांनीही चुगली केली नव्हती. तिनं अध्यक्षांच्या नावाला जो नियम लावला होता, ‘ओळ मोडायची नाही’, तो इमानानं पाळला जात होता. तिनं लावला तेव्हा नाव होतं ‘काकासाहेब मोकासे पाटील’. ते कुठल्याही फोनवर मावलं असतं. आता अतुलनं भरलं होतं:

‘कृषिरत्न सहकारभूषण मा. श्री. काकासाहेब मोकासे पाटील’.

एवढी मिरवणूक सरांच्या तव्यावर कशीबशी मावत होती. शेतकऱ्याच्या फोनवर तिचं शेपूट गल्लीबाहेर लोंबत होतं. आणि त्या लोंबत्या शेपटाला जागा करून द्यायला अख्खं पान रुंद झालं होतं.

तिला हसू आलं. दुसऱ्याच क्षणी स्वतःची चीड आली. अर्धी सकाळ तिनं ऋतुराजच्या फोटोंमागं घालवली होती, कारण त्याच्याशिवाय दुसरं कुणी चुकू शकतं हे तिला मान्य नव्हतं. नियम तिचा होता. नियम लावताना, नाव उद्या वाढलं तर काय, एवढा साधा प्रश्न तिला पडायला हवा होता. ज्या माणसाच्या नावाला दर वर्षी नवं शेपूट फुटतं, त्याच्यासाठी तरी.

आणि आता ऋतुराजची ओळ वरून होती. पान हलणार नव्हतं, पण बाहेर गेलेलं कापलं जाणार होतं. कापलं काय जात होतं? नेमकं ‘पाटील’. उद्या काकासाहेब मांडवात फोन उघडणार आणि त्यावर दिसणार: कृषिरत्न सहकारभूषण मा. श्री. काकासाहेब मोकासे. आडनावापर्यंत सगळं शाबूत, पाटीलकी तेवढी गायब.

गप्प बसावं का? हा विचार तिच्या मनात आला आणि तिनं त्याला खुर्ची देऊन बसवलं. भाच्याची ओळ, भाच्याची इमरती. होऊ दे उद्या मांडवात तमाशा. पण तमाशानंतर सर काय म्हणणार तेही तिला ऐकू येत होतं. पट्टा कुणाचा? विशाखाचा. नियम कुणाचा? विशाखाचा. तिनं सरांना फोन लावला. सर आणि ऋतुराज त्याच संध्याकाळी पिशोरच्या वाटेला लागले होते. सकाळी अध्यक्षांबरोबर चहा घ्यायचा म्हणून.

“सर, कारण सापडलं. अध्यक्षांच्या नावाची ओळ मोडू नये म्हणून मी लावलेला नियम आहे. नाव लांब झाल्यामुळं बाहेर जातंय. आता ऋतुराजच्या ओळीमुळं ‘पाटील’ कापलं जातंय. मी दुरुस्त करून चढवू का?”

“कापलं? माझ्या फोनवर पूर्ण दिसतंय.”

“तुमचा फोन रुंद आहे. अध्यक्षांचा कोणता आहे?”

“तुला काय करायचंय त्यांच्या फोनचं?” गाडीत गाणं चालू होतं, ते बारीक झालं. “हे बघ, तुला त्या पाटीलकीचं काय खुपतं ते मला माहीत आहे. तुमच्या वस्तीतल्या लोकांना सगळीकडं तेच दिसतं. साइटला हात लावू नकोस. मी सांगितल्याशिवाय एक अक्षर बदलायचं नाही.”

मागून ऋतुराजचा आवाज आला, “विचारा त्यांना, मामा, इमरती खाल्ली का.”

फोन बंद झाला.

वस्तीचं नाव काढलं की माणूस गप्प होतो, हे सरांना अनुभवानं माहीत झालं असावं. विशाखा गप्प झाली नाही. तिनं दुरुस्ती करून ठेवली, चाचणीच्या प्रतीवर चढवली, तिथं अतुलनं भरलेला पूर्ण मजकूर टाकला, शिपायाच्या अरुंद फोनवर, स्वतःच्या फोनवर तपासली. साइटला हात लावला नाही. हुकूम पाळण्यातही एक प्रकारची मजा असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेवणाचा डबा उघडत होती तेव्हा फोन वाजला. सरांचा. मागं लाउडस्पीकर, ढोल, बायकांचा गलका.

“विशाखा! पाटील कुठं गेले?”

“कोण पाटील, सर?”

“चेष्टा करू नकोस! काकासाहेबांच्या फोनवर ‘मोकासे’वरच संपतंय. मंडपात सगळ्यांना दाखवत होते. त्यांच्या विरोधातल्या एकानं मोठ्यानं वाचलं, ‘पाटील गेले, फक्त मोकासे उरले.’ माणसं पडून पडून हसली. साहेब लालबुंद झालेत. कर काहीतरी, लगेच!”

“तुम्ही सांगितल्याशिवाय एक अक्षर बदलायचं नाही म्हणाला होतात.”

“आता सांगतोय ना!”

“ऋतुराज आहे की तिथं. त्याचं एका ओळीचं काम आहे.”

“विशाखा,” सर म्हणाले, आणि या वेळी आवाज खाली आला तो समजूतदार दिसायला नाही. “कर बाई.”

“दोन ओळी कराव्या लागतील. चालेल?”

“दोन ओळी नाही! नाव तुटलं तर साहेब मला इथून जाऊ देणार नाहीत.”

“नाव तुटणार नाही. पदव्या वरच्या ओळीत, जरा बारीक. त्या मोडल्या तर मोडू दे. नाव खाली, मोठ्या अक्षरात, अखंड. ‘काकासाहेब मोकासे पाटील’ एका ओळीत. लग्नाच्या पत्रिकेत वडीलधाऱ्यांची पदवी वर आणि नाव खाली असतं, तसं. आणि ऋतुराजची ओळ काढते.”

“काढ. सगळं काढ. लवकर.”

काम कालच झालेलं होतं. तिनं ते चालू साइटवर चढवलं, शिपायाच्या फोनवर बघितलं. पान हललं नाही. ‘आजचा भाव’ची पट्टी पुन्हा वर चिकटली. हिरव्या पट्ट्यावर वर बारीक अक्षरात सगळी रत्नं आणि भूषणं दोन ओळींत दाटीवाटीनं उभी होती, आणि खाली नाव ऐसपैस पसरलं होतं. मग तिनं डबा उघडला.

जेवण अर्धं झालं तेव्हा पुन्हा फोन. या वेळी ऋतुराज. कुजबुजत होता.

“ताई, साहेब खूश झाले. म्हणाले, आता कसं भारदस्त दिसतंय. ताई, एक प्रॉब्लेम झालाय. मामांनी सांगितलं मी केलं म्हणून. साहेब म्हणतात, स्टेजवर ये, लोकांना सांग कसं केलं. माझं नाव पुकारलंय. काय केलंय तुम्ही? एका वाक्यात सांगा ना, ताई, प्लीज.”

कालपर्यंतची ‘मॅडम’ आज ‘ताई’ झाली होती.

विशाखानं घास संपवला.

“लिहून घे,” ती म्हणाली. “मोठ्या माणसाच्या पदव्या वाकल्या तरी चालतं, नाव वाकता कामा नये. एवढंच म्हण. पुढं बोलायची गरज नाही, टाळ्या पडतील.”

“एवढंच? पण हे टेक्निकल कुठं आहे?”

“तू टेक्निकल आहेस का?”

फोन सुरूच राहिला, खिशात गेला असावा. लाउडस्पीकरमधून ऋतुराजचा आवाज आला, थोडा कापरा, “मोठ्या माणसाच्या पदव्या वाकल्या तरी चालतं...” आणि मांडव टाळ्यांनी दणाणला. कुणीतरी शिट्टी मारली. विशाखानं फोन बंद केला. तिला वाटलं होतं आपल्याला राग येईल. आला नाही. टाळ्या वाजवणारे, वाजवून घेणारे, दोघंही तिला सारखेच हलके वाटले, आणि हलक्या गोष्टीचा राग धरायला तिच्या हातात जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सर केबिनमध्ये तिच्याशी नजर न मिळवता बोलले. “तुझं पत्र तयार आहे. कायम केलंय. फक्त एक, टीमला हेड लागतो. ऋतुराजला हेड करतोय. त्याचं स्टेजवर नाव झालंय, साहेबांना तोच माहीत आहे. तुला वाईट वाटायचं कारण नाही.”

“वाईट कशाचं?” विशाखा म्हणाली. “हेड कुणालाही करा, सर. पान हललं की फोन मलाच येणार. पण एक सांगते. परवा वस्तीचं काढलंत, ते आता पुन्हा काढायचं नाही. पुढच्या वेळी पाटील हरवले, तर मी शोधणार नाही.”

सरांनी पत्र पुढं सरकवलं. त्यांनी चष्मा पुसला.

जागेवर येऊन तिनं पत्र खणात टाकलं. मग सभासदांचं पान उघडलं. तिथला नियम सरांच्या हुकमावरून तिनंच लिहिला होता. नाव एका ओळीत, उरलेलं कापून टिंबं. तो काढायला कुणीही सांगितलं नव्हतं, कुणाला विचारायचीही तिला गरज वाटली नाही. तिनं तो नियम पुसला. नावं आपापल्या लांबीची झाली. काही एका ओळीत राहिली, काही दोन ओळींत गेली, पान कुठंही हललं नाही.

तिनं बापाला फोन लावला. “बाबा, आता बघा.”

बराच वेळ कडुबाचा अंगठा स्क्रीनवर फिरत असावा. कोंबड्या ओरडत होत्या. मग तो म्हणाला, “आलं गं. सबंध आलं. दोन वळींत आलंय.”

“चालतंय ना?”

“चालतंय की. मला कुठं मांडवात वाचून दाखवायचंय. पर पाटलापरीस जागा जास्तीच खाल्ली माझ्या नावानं. त्यास्नी दावू नको बरं का, नायतर उद्या अजून दोन पदव्या लावून येतील.”

“येऊ द्या,” विशाखा म्हणाली. “वरच्या ओळीत लई जागा आहे.”